करंगळीच्या मुंग्या आणि पंचा

आंब्याच्या हंगामात देवगडला पेट्यांचे हिशेब लिहिताना टेबलावर कोपरं टेकून तासन्‌तास बसणं होतं. करंगळी आणि शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू बधिर व्हायला लागली. अंगठा, तर्जनी ठणठणीत, म्हणजे मनगटातली नस नव्हे. कोपराच्या आतल्या हाडामागे, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात, तिथे अल्नर नस अगदी कातडीखालून जाते. तीच दाबली जात होती.

दिवसा कोपरं टेकणं बंद केलं. खरा फरक रात्री पडला. हात दुमडून झोपलं की ही नस ताणते, म्हणून कोपराभोवती पंचा गुंडाळला: सैलसर, पण हात पुरता वाकू नये इतका जाड. (घरचे हसले, हसोत.) काही आठवड्यांत मुंग्या थांबल्या.

पकड ढिली पडली किंवा अंगठा-तर्जनीमधलं मांस खोलगट दिसलं, तर मात्र पंच्यावर न थांबता डॉक्टर गाठा.