कोल्हापुरी चप्पलेचा व्हिडिओ: आधी लिस्टिंग, मग कॅमेरा

चप्पल विकण्यासाठीच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओसाठी कागदावर तीन रकाने आखा: दृश्य, निवेदन आणि लिस्टिंगमधली, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या पानावरच्या वर्णनातली ओळ. तिसरा रकाना आधी भरायचा. तिथे ओळ नसेल, तर निवेदनात तो दावा येणार नाही.

समजा लिस्टिंगमध्ये लिहिलंय, ‘तळ चामड्याचा, शिलाई हाताची, पाण्यापासून जपा’. निवेदक सहज बोलून जातो, ‘संपूर्ण हाताने बनवलेली’. शिलाई हाताची म्हणजे तळ कापण्यापासून सगळं हातानं, असं होत नाही. ‘हातानं शिवलेली’ एवढंच म्हणा.

खरी फसगत दृश्यात होते. रंकाळ्यावर भर पावसात चप्पल घालून चालणारे पाय छान दिसतात, पण न बोलता ‘पाण्यात चालते’ असा दावा करतात. तो शॉट काढून टाका. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्हही विक्रेता किंवा कारागीर नोंदणीकृत वापरकर्ता असेल आणि लिस्टिंगमध्ये तसं नमूद असेल, तरच दाखवा.

निवेदन साठेक शब्दांत बसवा आणि प्रत्येक शॉटचं वेगळं रेकॉर्ड करा. उद्या लिस्टिंगमधला तळ बदलला, तर तेवढंच वाक्य पुन्हा बोलायचं. अर्थात, तळ दिसणारा शॉटही नव्यानं घ्यावा लागेल.