एकट्या राहणाऱ्या काकूंकडे जाताना गोळ्यांची पट्टी बघा

आमच्या देवगडकडच्या वाडीत मुलं मुंबईला, नाहीतर दुबईला. मी शेजारच्या काकूंकडे रोज सकाळी जायचे. "जेवलात का काल?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "जेवले गो बाय." म्हणून हल्ली विचारण्यापेक्षा बघते.

नवी पट्टी सुरू केली की तिच्या मागे पेनाने तारीख लिहायची. प्रेशरची गोळी रोज रात्री एक, म्हणजे 8 दिवसांनी दहातल्या 2 उरायला हव्यात. काकूंच्या 5 उरल्या होत्या. मला वाटलं, विसरतात. पण घासायच्या भांड्यांत फक्त चहाचा टोप आणि कपबशी! एकटीसाठी कोण चूल पेटवणार, म्हणून रात्री चहा-खारीवर भागवायच्या. गोळी "जेवणानंतर", आणि जेवणच नाही, म्हणून गोळीही नाही.

मग मी वेळ बदलली. दिवेलागणीनंतर साडेसातला डब्यात मऊभात नि सुक्या बांगड्याची चटणी घेऊन जाते, पडवीत दोघी जेवतो, गोळी माझ्यासमोर होते. (सुकं खारट असतं, प्रेशरवाल्यांना चिमूटभरच.) तिथूनच मुलाला व्हिडिओ कॉल लावते. पावसात रेंज जाते, तेव्हा नुसत्या गप्पा.

चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम देऊ नका. आणि गोळ्या हिशेबापेक्षा कमी उरल्या असतील, तर बहुधा दोनदा घेतल्या जातायत. तेव्हा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, मग मुलाला.