सेल्स रिटर्नची प्रोव्हिजन तपासताना क्रेडिट नोटची तारीख बघू नका, मूळ बिलाची बघा

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी बेळगावातल्या एका साडी होलसेलरच्या ऑडिटला होतो. त्यांचा माल खानापूर, निपाणी, चिकोडीच्या दुकानांत जातो, विकला नाही तर दोन-तीन महिन्यांत परत येतो. ३१ मार्चला त्यांनी ३ लाखांची प्रोव्हिजन धरलेली, कारण काय तर मार्चमध्ये तेवढ्याच क्रेडिट नोटा निघाल्या होत्या. पण त्या नोटा बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीच्या मालाच्या, आणि लग्नसराईमुळे मार्चची विक्री तर मोठी, तिचं रिटर्न यायचंच होतं अजून.

म्हणून मागच्या दोन वर्षांची प्रत्येक क्रेडिट नोट मी मूळ बिलाच्या महिन्याला जोडली. कंटाळवाणं काम आहे, पण खरं ऑडिट इथंच होतं. निघालं असं की १०० रुपयांच्या विक्रीतले १ रुपया त्याच महिन्यात, ३ पुढच्या आणि २ त्याच्या पुढच्या महिन्यात परत येतात. म्हणजे ३१ मार्चला मार्चच्या ८० लाखांवर ५ टक्के यायचे बाकी, ४ लाख, आणि फेब्रुवारीच्या ५० लाखांवर २ टक्के, १ लाख. एकूण ५ लाख.

मग २० मेपर्यंतच्या क्रेडिट नोटा काढल्या, ८ लाख भरल्या. लगेच घाबरायचं नाही, त्यातले २.७ लाख नवीन वर्षाच्या विक्रीचे आणि रेट डिफरन्सचे होते, ते बाजूला काढले. राहिले ५.३ लाख.

इथंच थांबलो असतो, खरं सर म्हणाले गोडाऊनला जाऊन ये. तिथं मागच्या भिंतीला सुतळीनं बांधलेले गठ्ठे, वर ट्रान्सपोर्टची एप्रिलची चिठ्ठी. अकाउंटंट काका म्हणाले, "माल आलाय ओ, खरं मोजायचा हाय, नोट मग काढूया की." इनवर्ड रजिस्टरशी लावून बघितलं तर क्रेडिट नोट न निघालेला ६० हजारांचा माल निघाला, सगळा फेब्रुवारी-मार्चच्या बिलांचा. क्रेडिट नोट उशिरा काढली की रिटर्न कमी दिसतं, म्हणून हे रजिस्टर मागाच.

आता झाले ५.९ लाख, म्हणजे माझ्या ५ लाखांपेक्षा जास्त. एकेक नोट चाळली तेव्हा ३० मार्चचं १.१ लाखाचं एक बिल सापडलं, अख्खं ८ एप्रिलला परत आलेलं, आणि त्या दुकानाची ऑर्डरच कुठं नाही. हे रिटर्न नव्हेच, ती विक्रीच रिव्हर्स करायला लावली. ते वगळलं तर ४.८ लाख, मे संपायला दहा दिवस बाकी, म्हणजे ५ लाखांचा अंदाज बरोबर बसला.

अजून एक, ५ लाख दायित्व दाखवलं तरी नफा तेवढा कमी होत नाही कारण माल परत येतो, पण तो कॉस्टला धरण्याआधी घडी उघडून बघा. आमच्या गठ्ठ्यांतल्या काही साड्यांवर हळदीचे डाग होते, त्या निम्म्या भावालाच गेल्या.