थॅलेसेमिया आणि दर तीन आठवड्यांचं रक्त: या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत थॅलेसेमियाचा आमचा एक छोटा पेशंट मामाच्या गावी गेला होता. वय सात, वजन २० किलो. रक्ताची तारीख सुट्टीतच येत होती, म्हणून आईने तिथल्याच एका दवाखान्यात रक्त चढवून घेतलं. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि त्याचं रक्त एकत्र करून बघायची तपासणी, जुळलं होतं, चढवताना काही त्रास झाला नाही, हिमोग्लोबिन १२.४ झालं. नवव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले, लघवी कोऱ्या चहासारखी. घरच्यांनी कावीळ समजून तेल-तिखट बंद केलं आणि झाडपाल्याचं औषध सुरू केलं. तो आमच्या डे केअरला आला तेव्हा हिमोग्लोबिन ८.१ होतं.

हा आकडा आधी नीट बघू. रक्त चढवल्यावर हिमोग्लोबिन आठवड्याला साधारण एकने उतरतं. म्हणजे नऊ दिवसांनी ते ११ च्या आसपास हवं होतं. इथे चारहून जास्तने उतरलं, म्हणजे चढवलेलं रक्त शरीरातच फुटत होतं. लाल पेशींना चिकटलेली अँटीबॉडी दाखवणारी डायरेक्ट कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह आली, अँटीबॉडी स्क्रीनिंगमध्ये 'अँटी-जेके-ए' सापडली. मग त्याची जुनी फाईल काढली. चार वर्षांपूर्वीच्या एका रिपोर्टवर हेच नाव लिहिलेलं होतं. सुट्टीला जाताना ती फाईल घरी कपाटातच राहिली होती.

जुना रिपोर्ट जुना होत नाही

वारंवार रक्त घेणाऱ्या शरीराला दात्याच्या लाल पेशींवरची एखादी परकी खूण खटकते आणि ते तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळलं तरी लाल पेशींवर अशा आणखी कितीतरी खुणा असतात. आरएच गटातल्या 'ई'विरुद्ध आणि केलविरुद्ध बनणाऱ्या अँटीबॉडी बऱ्याचदा दिसतात. जेके-ए ही किड गटातली खूण. तिच्याविरुद्धच्या अँटीबॉडीची खोड अशी की ती काही महिन्यांत रक्तातून इतकी कमी होते की तपासणीत सापडतच नाही. त्या गावातलं क्रॉसमॅच खोटं नव्हतं. त्या दिवशी मुलाच्या रक्तात पकडण्याइतकी अँटीबॉडी नव्हतीच. पण शरीराला ओळख राहते. जेके-ए असलेलं रक्त आत गेलं की आठवड्या-दीड आठवड्यात अँटीबॉडीची फौज पुन्हा उभी राहते.

म्हणून एकदा सापडलेली अँटीबॉडी पुढच्या दहा तपासण्यांत निगेटिव्ह आली तरी आयुष्यभर धरायचीच. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने तिचं नाव लिहा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. दुसरीकडे रक्त घ्यायची वेळ आली तर रक्तगटाच्या आधी हे नाव सांगा. रक्त चढवल्यानंतर महिनाभरात डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा मूल नेहमीपेक्षा लवकर दमायला लागलं, तर कावीळ म्हणून घरी थांबू नका. घाईने हाताशी येईल ती पिशवीही चढवून घेऊ नका. आधी कूम्ब्स आणि स्क्रीनिंग करायला सांगा.

आणखी एक चूक फार लवकर होते, पहिल्याच पिशवीच्या वेळी. बाळाच्या स्वतःच्या पेशींवर कोणत्या खुणा आहेत हे तपासायची खरी वेळ पहिलं रक्त चढवण्याआधीची. एकदा रक्त गेलं की दात्याच्या पेशी मिसळतात आणि साधी तपासणी फसवते. मग डीएनएवरून बघावं लागतं आणि ते सगळीकडे होत नाही. ज्यांच्या बाळाचं नुकतंच निदान झालंय, त्यांनी रक्तपेढीला स्पष्ट विचारावं: आरएचच्या सगळ्या खुणा आणि केल तपासलं का, आणि पुढच्या पिशव्या त्याप्रमाणे जुळवून मिळतील का?

बाबा किंवा काका हट्टाने म्हणतात, "माझंच रक्त द्या ना." त्यांचं प्रेम कळतं. पण जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णावर उलटण्याचा धोका असतो आणि पुढे त्याच घरातून बोनमॅरो घ्यायचा झाला तर शरीर आधीच बिथरलेलं असू शकतं. त्यांनी रक्त जरूर द्यावं, दुसऱ्या कुणासाठी.

"कमी वेळा रक्त, म्हणजे कमी लोह"

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि ती काळजीपोटीच होते. पालक तारीख एक आठवडा, दोन आठवडे पुढे ढकलतात. हिशेब बघू. याच २० किलोच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी ३०० मिली पॅक्ड सेल, म्हणजे वेगळ्या काढलेल्या लाल पेशी, दिलं तर हिमोग्लोबिन साडेनऊवरून साडेबारापर्यंत जातं आणि तीन आठवड्यांत परत साडेनऊवर येतं. वर्षाला सतरा वेळा, म्हणजे सुमारे पाच लिटर. त्यातून साधारण ३.३ ग्रॅम लोह शरीरात जातं, रोजचं ९ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या शरीरातूनही लोह दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर पडतं. बाकीचं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठतं.

तारीख पाच आठवड्यांवर नेली तर हिशेबात लोह कमी दिसतं. पण हिमोग्लोबिन साडेसातवर घसरतं, हाडांतला मगज स्वतःचं निकामी रक्त बनवायच्या धडपडीत फुगतो, गालाची हाडं वर येतात, पाणथरी वाढते. आतडं अन्नातून जास्त लोह ओढतं. वाढलेली पाणथरी चढवलेलं रक्तही खाते, मग पिशव्या वाढवाव्या लागतात. लोह काढायचं काम गोळीचं आहे, ते तारखेकडून होत नाही.

गोळीतही बारीक चुका असतात. पाण्यात विरघळणारी डिफेरासिरॉक्सची गोळी चमच्याने ढवळून दिली, ग्लास रिकामा झाला, आईने तो सिंकमध्ये ठेवला. तो ग्लास उजेडात धरून बघा, तळाला पांढरा थर असतो. तो औषधाचाच आहे. थोडं पाणी घालून हलवून तोही पाजायचा. दुसरी चूक डोसाची. ३० मिलिग्रॅम प्रतिकिलोने २० किलोला ६०० होतात. मूल २६ किलोचं झालं तरी तीच चिठ्ठी चालू असते. डोस सहा महिन्यांनी वजनाबरोबर डॉक्टरांकडून तपासून घ्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळी थांबवून विचारा, मूत्रपिंडावर ताण येतो. डिफेरिप्रोन ही लोह काढायची दुसरी गोळी चालू असताना ताप आला तर ती लगेच बंद करा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजा.

साठलेल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या फेरिटिन तपासणीचा एकच आकडा बघून खूश किंवा हवालदिल होऊ नका. तापात, यकृताच्या सुजेत तो चढतो. तीन-तीन महिन्यांचे आकडे ओळीने लिहून कल बघायचा. आठ-दहा वर्षांच्या पुढे अवयवांतलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय लागतो, कारण फेरिटिन बरं असूनही हृदयात लोह असू शकतं.

वेळापत्रक वहीत बसवताना

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: तारीख, चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन, वजन, किती मिली गेलं. वर्षाच्या शेवटी एकूण मिलीला वजनाने भागा. वरच्या २० किलोच्या मुलाचा आकडा साधारण २५५ येतो. वजन वाढलं की मिली वाढतात, हे साहजिक आहे. पण भागाकाराचा आकडा दोन वर्षांत चढत गेला तर कारण शोधायला हवं: पाणथरी, की नवी अँटीबॉडी? वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला दोन पिशव्या एका दिवसात लागतात आणि कॉलेज-नोकरी सांभाळायची म्हणून तो चार आठवडे ओढतो. हृदय कमजोर असेल तर उलट कमी रक्त, जास्त वेळा आणि हळू द्यावं लागतं.

मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं थंडावतात, दिवाळीतही तेच. अँटीबॉडी असलेल्या मुलाची पिशवी तेव्हा ऐनवेळी मिळत नाही. त्या मुलाची आई आता एप्रिलमध्येच मेच्या दोन तारखा रक्तपेढीत लिहून ठेवते. प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी नमुना पाठवते, म्हणजे जेके-ए नसलेली पिशवी शोधायला वेळ मिळतो. गेल्या वेळी चढवण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन ९.६ होतं.