नुसतं ‘मीटिंग आहे, या’ असं आलं तर काय उत्तर द्यायचं?

जळगावला केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी डिस्पॅचचं काम बघायला लागलो, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, ‘उद्या ११ वाजता मीटिंग, सगळ्यांनी यावे.’ मी पारोळ्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला ‘काय काम शे भाऊ?’ असं विचारलं तर त्यात आपुलकीच असते. त्याच सवयीने मी ग्रुपवर लिहिलं, ‘कशासाठी?’ वीस जणांसमोर, एका शब्दात. साहेबांना तो जाब विचारल्यासारखा वाटला आणि दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते. प्रश्न बरोबर होता, पण तो आवाजाशिवाय गेला आणि सगळ्यांसमोर गेला.

नंतरचा प्रसंग सविस्तर सांगतो, कारण पद्धत मला त्यात सापडली. कॅलेंडरवर निमंत्रण आलं: गुरुवार, दुपारी ३ ते ४, विषय ‘डिस्पॅच’, माणसं ९. त्यात अकाउंटचे दोघे, गाड्या लावणारे आणि सावद्याच्या पॅकहाउसचे सुपरवायझर भाऊ. सावद्याहून भुसावळमार्गे जळगावला यायचं म्हणजे येऊन-जाऊन त्यांचा अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ पॅकिंगवर लक्ष ठेवायला कोणी नसतं. मी ‘नाही’ दाबलं नाही, ‘कदाचित’ ठेवलं आणि फक्त साहेबांना लिहिलं:

‘नमस्कार सर, गुरुवारची ३ ची वेळ राखून ठेवली आहे. तयारी करून येता यावं म्हणून विचारतो. बोलणं ओल्या बॉक्सबद्दल आहे की पुढच्या महिन्याच्या गाड्यांबद्दल? त्याप्रमाणे कागद काढून ठेवतो. आणि सावद्याहून भाऊंनी यायला हवं का, की फोनवर घेतलं तर चालेल? आज कळलं तर त्यांना पॅकिंगची सोय लावता येईल.’

यात पहिल्याच वाक्यात येणार असल्याचं सांगितलंय, म्हणजे टाळाटाळ वाटत नाही. ‘अजेंडा काय?’ असं मोकळं विचारण्याऐवजी मी माझे दोन अंदाज ठेवले. साहेब गाडीत असले तरी ‘पहिलं’ एवढं लिहून मोकळे होऊ शकतात. मोकळा प्रश्न विचारला तर त्यांना बसून लिहावं लागतं, आणि मग उत्तर राहून जातं. शिवाय विचारण्याचं कारण माझी गैरसोय नाही, कामाची तयारी आहे. हे कारण खरं असावं लागतं, नाहीतर दुसऱ्या वेळी ते ओळखू येतं.

तासाभरात उत्तर आलं: ‘ओले बॉक्स. थप्पीतले खालचे बसतायत. गाड्यांचं नंतर बघू.’ तेराएक किलो केळीचा पुठ्ठ्याचा बॉक्स ओल धरतो तेव्हा त्याची ताकद जाते आणि वरच्या थरांच्या वजनाने तळचा चेपतो. मला वाटलं होतं, भाऊ फोनवर चालतील. पण थप्पी तेच लावून घेतात, म्हणजे त्यांचंच येणं गरजेचं होतं. गाड्यांचं आणि अकाउंटचं काहीच काम नव्हतं. आणि ज्याच्याकडून पुठ्ठा येतो तो सप्लायर यादीतच नव्हता. मी साहेबांना फोन करून एवढंच म्हटलं, ‘सर, सप्लायरला आणि आपल्या स्टोअरवाल्यांना बोलवायचं का?’ नऊचे पाच झाले. भाऊ येताना चेपलेले दोन बॉक्स घेऊन आले. स्टोअरवाल्यांनी सांगितलं की नवा माल भिंतीला लागून, थेट फरशीवर ठेवला जातोय. बॉक्स लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवायचे ठरलं, सप्लायरने पुढच्या खेपेची ओल तपासून द्यायचं कबूल केलं, आणि अर्ध्या तासात उठलो.

कोण यावं हे विचारताना एक सांभाळा. ‘अकाउंटवाले कशाला?’ असं कधी लिहू नका, ते त्यांच्या कानावर जातंच. कोण हवं ते सुचवा, कोण नको ते साहेबांना ठरवू द्या.

काही वेळा विचारूच नये. कोल्ड स्टोरेजचं मशीन बंद पडलंय, गाडी अडकलीय, अशा वेळी ‘या’ म्हटलं की जायचं. साहेबांनी एकट्यालाच केबिनमध्ये बोलावलं तर विषय पगाराचा किंवा कुणाच्या तक्रारीचा असू शकतो, तो लिहून मागू नये. फार तर ‘काही कागद आणू का सर?’ एवढं विचारावं.

आणि उत्तर आलंच नाही तर? मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा समोर जाऊन विचारतो, परत मेसेज टाकत नाही. तरी नाही कळलं तर त्या आठवड्याच्या डिस्पॅचची वही घेऊन वेळेवर जाऊन बसतो, आणि सुरुवातीलाच म्हणतो, ‘सर, आज आपल्याला काय ठरवून उठायचंय?’