ब्रँडची जाहिरात क्लिकवर तोलू नका

मसाल्याची जाहिरात यूट्यूबवर बघून कोणी लगेच क्लिक करत नाही. करतात ते बहुतेक चुकून, 'स्किप' शोधताना. त्यापेक्षा नंतर किती जण नाव टाकून शोधतात ते बघा.

समजा, जाहिरात फक्त नाशिकमध्ये लावली, कोल्हापूर मुद्दाम कोरडं ठेवलं. दोन्हीकडे आधीपासून ब्रँडच्या नावावर एक्झॅक्ट मॅचची, म्हणजे तेच नाव शोधल्यावर दिसणारी, छोटी सर्च कॅम्पेन चालू ठेवा आणि तिची इम्प्रेशन्स, म्हणजे ती किती वेळा दिसली, शहरानुसार मोजा. गूगलचं सर्च कन्सोल शोधांचे आकडे देतं, पण शहर दाखवत नाही, म्हणून हा खटाटोप. बजेट मात्र अपुरं पडू देऊ नका; इम्प्रेशन शेअर, म्हणजे दिसू शकली असती त्यापैकी जितक्या वेळा जाहिरात खरंच दिसली तो वाटा, हलला की आकडा खोटा.

समजा, आधी आठवड्याला नाशिकमध्ये ४०० इम्प्रेशन्स, कोल्हापुरात ३००. जाहिरातीच्या काळात ५६० आणि ३३०. कोल्हापूर जाहिरातीविना १० टक्के वाढलं, दिवाळी असेल. म्हणजे नाशिक तसंही ४४० वर गेलं असतं. जाहिरातीची कमाई १२०, सुमारे २७ टक्के. एजन्सी ४० टक्के सांगेल, तेव्हा कोल्हापूर विचारा.

सर्व्हेतही तेच. 'यातले कोणते मसाले ऐकलेत?' हा प्रश्न जाहिरात दाखवलेल्यांना आणि चिठ्ठ्या टाकून वगळलेल्यांना, दोघांनाही विचारा. ३१ विरुद्ध २६ टक्के आले, तर लिफ्ट ५ पॉइंट. पण प्रत्येक गटात २०० च माणसं असतील तर चूक जवळपास ९ पॉइंट इकडेतिकडे होते, त्यामुळे हे ५ काहीच सिद्ध करत नाहीत. हजार-हजार उत्तरं असतील तर ती चूक ४ वर येते.