एक खिडकी, एक थर्माकोल: दहा बाय बाराच्या खोलीतली मुलाखत

समजा, खोली दहा बाय बारा फुटांची आहे, लांब भिंतीत पश्चिमेला एकच खिडकी आहे आणि एका आजींची मुलाखत मोबाइलवर घ्यायची आहे. अशा खोलीत सकाळी दहा-अकराला शूट करा. तेव्हा ऊन थेट आत येत नाही, फक्त आकाशाचा मऊ उजेड येतो. दुपारीच जमत असेल, तर खिडकीला जुनं पांढरं धोतर ताणून बांधा.

आधी ट्यूबलाइट बंद करा. तिचा आणि आकाशाचा रंग जुळत नाही, मग एक गाल निळा आणि दुसरा हिरवट दिसतो.

आजींची खुर्ची भिंतीला चिकटवू नका. खोलीच्या लांबीत मागे पाच फूट, कॅमेऱ्यापर्यंत पाच फूट आणि उरलेले दोन तुम्हाला उभं राहायला, असा हिशेब बसतो. खिडकी तीनेक फुटांवर हवी, आणि कानाच्या रेषेत नको, जरा पुढे हवी. खिडकी कॅमेऱ्याच्या डावीकडे असेल, तर प्रश्न विचारणाऱ्यालाही कॅमेऱ्याच्या डावीकडे, लेन्सला अगदी लागून बसवा. आजी त्याच्याकडे बघतात, म्हणजे उजेडाच्या दिशेने बघतात, आणि कॅमेऱ्याला सावलीचा गाल जास्त दिसतो. चेहऱ्याला खोली येते ती यामुळेच. विचारणारा उलट बाजूला बसला की चेहरा सपाट होतो.

आता ती सावली किती ठेवायची, हे थर्माकोल ठरवतो. स्टेशनरीच्या दुकानातला थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता कॅमेऱ्याच्या उजवीकडे, फ्रेमच्या अगदी बाहेर, चेहऱ्याच्या उंचीवर उभा करा आणि हळूहळू जवळ आणा. नजर सावलीतल्या डोळ्यावर ठेवा. पापण्या नीट दिसू लागल्या की थांबा. आणखी जवळ आणलात, तर पासपोर्टचा फोटो तयार! मांडीवर ठेवू नका, खालून उजेड आला की भुताच्या गोष्टीसारखा चेहरा दिसतो. चांदीचा कागद पांढऱ्यापेक्षा जास्त उजेड फेकतो, पण सुरकुत्यांवर कडक पडतो. तो ढगाळ दिवसासाठी ठेवा.

एकदा मी पोपटी भिंतीजवळ शूट केलं. थर्माकोल आणायचा आळस केला आणि सावलीचा गाल पोपटी झाला, कारण रिफ्लेक्टरचं काम भिंतच करत होती. अशा भिंतीवर पांढरी चादर टाका.

फ्रेममध्ये खिडकी घेऊ नका, नाहीतर चेहरा काळवंडतो. लेन्स आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वाइड लेन्स जवळ नेली की नाक मोठं दिसतं, म्हणून फोनमध्ये असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा. आजी फ्रेममध्ये उजवीकडे, मोकळी जागा त्यांच्या नजरेसमोर. चष्म्यात खिडकी चमकत असेल, तर काड्या कानावर किंचित उचला, काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

शेवटी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. लॉक नसेल, तर आजींनी हात हलवला तरी फोन उजेड कमी-जास्त करत बसतो. ढग आला, तर उत्तर संपेपर्यंत थांबा, मग लॉक काढून पुन्हा लावा.